वाटीभर दुधाचा हिशेब

मांजराचं वजन कसं उतरवायचं, हा आजचा विषय. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरची मांजरं माझ्या टेबलावर येऊन गेलीत, त्यामुळे नावं घेत नाही, मालक ओळखतील.

आधी माझी तक्रार ऐका. नाशकात पंचवीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे, आणि लठ्ठ मांजराचा प्रत्येक मालक पहिलं वाक्य एकच म्हणतो, "डॉक्टर, हा काहीच खात नाही हो." सिडकोतल्या एका इमारतीतला गोट्या नावाचा बोका असाच आला. नसबंदी झालेला, वजन 6 किलो. त्याच्या हाडापेराला साडेचार पुरे. मी बरगड्या चाचपल्या तर बोटं गादीत रुतल्यागत. हात सपाट ठेवून, तळवा खाली करून हाताच्या पाठीवरची हाडं चाचपून बघा. निरोगी मांजराच्या बरगड्या साधारण तशा लागतात.

मी म्हटलं, फ्रिजवर कागद लावा आणि जो जे देईल ते त्याने लिहायचं. आठवड्याने कागद आला. कोरड्या खाण्याचा वाडगा दिवसभर भरलेला. आजी सकाळी वाटीभर दूध देतात, "एवढंसंच". नातू चीजचा तुकडा देतो. तळमजल्यावरचे काका बाजाराच्या दिवशी मासळीची डोकी ठेवतात आणि त्यांना वाटतं, वरचे लोक उपाशी मारतात बिचाऱ्याला! वॉचमनची बिस्किटं कागदावर नव्हती, ती नंतर कळली. (हसू नका, तुमच्या इमारतीतही वॉचमन आहे.)

आता हिशेब. साडेचार किलोच्या मांजराला नुसतं जगायला दिवसाला साधारण 215 कॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर सुरुवात त्याच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे 170 च्या आसपास करतात. फुल क्रीम दुधाच्या 100 मिलिलिटरमध्ये 90 च्या घरात कॅलरी असतात. म्हणजे आजींचं "एवढंसं" हे गोट्याचं अर्ध्याहून जास्त जेवण! शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही.

हे सांगितल्यावर घरच्या मुलाने काय करावं? रागाने दोन दिवस सगळंच बंद केलं. अहो, मांजराला एकादशी नसते! लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी भराभर यकृतात जाऊन साचते आणि यकृत काम सोडतं. हिरड्या, कानांची आतली बाजू पिवळी दिसते, लाळ गळते, उलट्या होतात. नशिबाने गोट्या वेळेत आला. जाड मांजर स्वतःहून दिवसभर जेवलं नाही, तरी दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवायला आणा.

किती वेळ राहिला? दहा मिनिटं? मग खरं व्याख्यान आता सुरू होतंय.

नेहमीचंच खाणं निम्मं केलं तर प्रथिनंही निम्मी होतात आणि चरबीबरोबर स्नायू झिजतात. म्हणून वजन उतरवण्यासाठीचं, प्रथिनं जास्त असलेलं खाणं डॉक्टरांना विचारून घ्या आणि आठ-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला. गोट्याच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 350 कॅलरी लिहिल्या होत्या, म्हणून दिवसाला 50 ग्रॅम. वाटीने किंवा मुठीने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून सकाळी एका डबीत काढायचे. यातले 10 ग्रॅम आजींच्या वेगळ्या डबीत. त्यांच्या हातून जायचं ते त्याच डबीतून, दूध बंद. आजींनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

खेळ. नुसत्या खेळाने वजन फारसं उतरत नाही, खरं काम मापाचंच. पण स्नायू टिकतात आणि वाडग्याशी बसून ओरडणं कमी होतं. काठीला दोरी, दोरीला पिसं बांधा. नाकासमोर नाचवू नका. उंदरासारखं दाराआड सरकवा, थांबवा, पुन्हा पळवा. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. शेवटी पकडू द्या आणि लगेच जेवणाचा हिस्सा द्या. धापा टाकायला लागलं तर थांबा. खेळून झालं की दोरी कपाटात. आणि संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा तर आधी उचला. गिळलेला दोरा आतडी कापतो.

वजन आठवड्याला एक टक्का उतरलं की छान. गोट्याचे सुरुवातीला 60 ग्रॅम, म्हणजे दीड किलोला सहा-सात महिने. मांजर कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहाल तर 60 ग्रॅम दिसणारच नाहीत. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात आणा. आठवड्याला दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरत असेल तर खाणं वाढवायचं. महिनाभर काटा हललाच नाही, तर माप कमी करण्याआधी वॉचमनला विचारा. तिथे काही सापडलं नाही, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा टक्के कमी करा.