आकृतीतला घेर आणि आपला घेर

मागच्या वर्गात एका ताईंनी विचारले होते की, ‘मी दुकानात मीडियम घेते, मग क्रोशाचा टॉपही मीडियमच विणू ना?’ पॅटर्नमधल्या मीडियमला ठरावीक माप नसते. प्रत्येक डिझाइनर ते आपल्या परीने ठरवतो. म्हणून अक्षर बाजूला ठेवून शेवटच्या पानावरची आकृती पाहावी. त्या आकृतीवरची मापे तयार कपड्याची असतात, अंगाची नव्हेत, आणि बहुधा पुढचा किंवा मागचा एकच पल्ला काढलेला असल्याने छातीची रुंदी निम्म्या घेराएवढीच दिसते.

समजा, आपली छाती ९४ सेंमी आहे आणि आकृतीत पल्ल्याची रुंदी चार साइझसाठी ४४, ४९, ५४ आणि ५९ सेंमी दिली आहे. म्हणजे तयार घेर ८८, ९८, १०८ आणि ११८ झाला. दुसऱ्या साइझमध्ये अंगापेक्षा चारच सेंमी जास्त मिळतात, तिसऱ्यात चौदा. आपले शिंपी ज्याला लूझिंग म्हणतात ते किती हवे, हे अंदाजाने न ठरवता, नेहमी बरा बसणारा सुती कुर्ता पलंगावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा. तो ५२ सेंमी भरला, तर आपल्याला आवडणारा घेर १०४ आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात घालायच्या टॉपला एवढा मोकळेपणा मला योग्यच वाटतो. क्रोशाची वीण कुर्त्याच्या कापडापेक्षा जाड असते आणि ती जाडी आतली थोडी जागा खाते, हेही धरून चालावे.

आता १०४ हा आकडा ९८ आणि १०८ यांच्या मध्ये पडला. अशा वेळी निवड खांद्यावरून करावी, कारण छातीचा घेर वाढवणे सोपे असते, पण रुंद खांदा उतरून बाही दंडावर लोंबू लागली की ती सावरणे फार कठीण जाते. कुर्त्याची खांद्यापासून खांद्यापर्यंतची रुंदी ३७ असेल आणि आकृतीत ती दुसऱ्या साइझला ३८ व तिसऱ्याला ४१ असेल, तर दुसरीच साइझ घ्यावी. दहा सेंमीत सोळा खांब या हिशेबाने तिचा पल्ला ७८ टाक्यांचा होतो. त्यात दोन्ही कडांना दोन-दोन टाके वाढवून ८२ केले की घेर सुमारे १०२ सेंमीवर येतो. मुंढ्याच्या घटीत हे चार टाके जास्तीचे कमी करावेत, म्हणजे खांदा मूळ मापाचाच राहतो.

हा सगळा हिशेब नमुन्याच्या चौकोनावर उभा आहे. आपल्या हाताने दहा सेंमीत सोळाऐवजी सतरा खांब बसत असतील, तर त्याच ८२ टाक्यांचा पल्ला ४८ सेंमीच भरेल, घेर ९६ वर येईल आणि मोकळेपणा जवळजवळ संपेल; तेव्हा सुई एक नंबर जाड घेऊन नमुना पुन्हा विणावा. तो धुऊन, सुकवूनच मोजावा. सुती धाग्याचा टॉप स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, म्हणून नमुना खाली चिमटे लावून रात्रभर टांगावा आणि जेवढा लांबेल त्या प्रमाणात आकृतीतल्या उंचीतून काही ओळी आधीच कमी कराव्यात.