सौ., कु. की श्रीमती?

मंडळी, विषय ईमेलच्या पहिल्या ओळीचा आहे, पण आधी माझं गाऱ्हाणं. माझी साठी उलटली आहे आणि लग्न केलेलं नाही. मागे एका संस्थेचा ईमेल आला, त्यात नावामागे 'सौ.'. मी कळवलं, सौ. नाही हो. पुढच्या ईमेलात 'कु.'! जणू आंतरशालेय चित्रकला स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालंय. (हशा) हसताय काय, तिसऱ्यांदा कळवल्यावर थेट 'श्री.' आलं. लग्नाचा प्रश्न कायमचा मिटला! (हशा)

मी फोनच केला. तिथला मुलगा भला होता. म्हणाला, "मॅडम, आमच्या नोंदणी अर्जात Mr, Mrs, Miss एवढेच पर्याय आहेत. काही न निवडता पुढं गेलं की Mrs आपोआप पडतं. मराठी पत्र काढताना Mrs चं सौ. होतं, Miss चं कु." म्हणजे मला कुणी विचारलंच नव्हतं, यादीनं परस्पर लग्न लावून टाकलं. आमच्या शेजारच्या काकूंना, नवरा गेल्यानंतरही, तिथून 'सौ.' येत राहिलं. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा.

इंग्रजीत यावर Ms. आहे. अमेरिकेच्या सरकारी मुद्रणालयानं ते १९७२ मध्ये मान्य केलं, न्यूयॉर्क टाइम्सनं १९८६ मध्ये. विवाह ठाऊक नसेल तर Ms. लिहा, Mrs. नको. मराठीत त्या जागी 'श्रीमती' चालतं, सरकारी पत्रांत ते सर्रास असतं. अडचण एकच: आपल्याकडे जुन्या पिढीतल्या अनेकींना श्रीमती म्हणजे विधवा असं वाटतं, आणि मग फोन येतो, "आमचे हे खुटखुटीत आहेत!" अशा वेळी उपाधीच गाळा. 'स्मिता कुलकर्णी यांस, सप्रेम नमस्कार' यात मान 'यांस'मध्ये आलाच. डॉ., प्रा., ॲड. असेल तर तेवढंच पुरे, मागे श्रीमती चिकटवू नका. आणि आधी समोरच्या बाईंच्या ईमेलातली सही बघा. त्यांनी स्वतः सौ. लिहिलं असेल तर बिनधास्त सौ. लिहा, तिथं आपलं पुरोगामित्व नको.

नाव किरण असेल तर? बाई की बुवा तेच कळत नाही, आणि मराठी क्रियापद लगेच चुगली करतं: 'आपण आला होतात' की 'आल्या होतात'? तिथं वाक्यच फिरवा: 'आपला अर्ज मिळाला', 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. मायन्यात 'महोदय/महोदया' असं तिरकी रेघ मारून लिहिण्यापेक्षा 'किरण जाधव यांस' बरं. आणि अर्ज बनवणाऱ्यांनी तो उपाधीचा रकाना ऐच्छिक करावा, आपोआप पडणारं Mrs काढून टाकावं. हो हो, थांबते, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत.