दोन गटांचे दोन चढ: इंटरॅक्शन पद कसे वाचावे

श्रोतेहो, रिग्रेशनची आपल्याला ओळख आहेच, म्हणून मी थेट अनेक वर्षे मनात खदखदत असलेल्या तक्रारीपासून सुरुवात करतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या प्रबंधांत एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा भेटतो: ‘पहिल्या गटात अभ्यासाच्या तासांचा परिणाम सार्थक आहे, दुसऱ्यात नाही, म्हणून दोन्ही गटांतील परिणाम वेगळे आहेत.’ वाक्य इतके सरळ वाटते की त्याला कुणी हटकत नाही. पण त्यातला ‘म्हणून’ निराधार आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या गटातील विद्यार्थी स्वतःच अभ्यास करतात आणि दुसऱ्या गटातील मार्गदर्शनाखाली. परीक्षेतील गुणांचे आठवड्यातील अभ्यासाच्या तासांवर दोन्ही गटांत वेगवेगळे रिग्रेशन केले. पहिल्या गटाचा चढ ३ आला, म्हणजे दर जादा तासामागे सरासरी ३ गुण अधिक, आणि त्याचा स्टँडर्ड एरर १.२. भागाकार २.५ येतो, म्हणून तक्त्यात त्याच्यापुढे सार्थकतेचा तारा लागतो. दुसऱ्या गटाचा चढ १.५, स्टँडर्ड एरर १.१, भागाकार सुमारे १.४, तारा नाही. इथेच संशोधक निष्कर्ष लिहून मोकळा होतो.

वास्तविक प्रश्न दोन चढांमधील फरकाचा आहे. तो फरक १.५. गट परस्परांपासून स्वतंत्र असल्याने फरकाचा स्टँडर्ड एरर काढताना दोन्हींचे वर्ग मिळवायचे: १.४४ आणि १.२१, बेरीज २.६५, तिचे वर्गमूळ सुमारे १.६३. फरकाला त्याने भागले की ०.९२ उरते, म्हणजे फरकापुढे तारा लागत नाही. फरकाची अनिश्चितता प्रत्येक चढाच्या अनिश्चिततेपेक्षा मोठी असते, हे ताऱ्यांकडे पाहून कधीच कळत नाही. आणि उलटही लक्षात घ्या, या आकड्यांवरून ‘चढ सारखेच आहेत’ असेही म्हणता येत नाही. फरकाचा ९५ टक्के विश्वास-अंतराल दोन्ही बाजूंना सुमारे ३.२ पसरतो; त्यात शून्य बसते, तसा बराच मोठा फरकही बसतो. म्हणून तारा आहे की नाही एवढेच न सांगता हा अंतराल छापावा, असा माझा आग्रह आहे.

हा फरक थेट मिळावा यासाठी दोन्ही गट एकाच समीकरणात घेऊन तास आणि गट यांचा गुणाकार हे जादा पद, म्हणजेच इंटरॅक्शन पद, घालतात. पहिल्या गटाला ० आणि दुसऱ्याला १ दिले की आर या संगणकभाषेत एवढे पुरते:

```
lm(gun ~ taas * gat)
```

आपल्या उदाहरणात उत्तर असे येते, असे समजा:

```
gun = 42 + 3*taas + 9*gat - 1.5*taas*gat
```

चढ तेच राहतात. मात्र दोन्ही गटांचे अवशेष एकत्र मोजले जात असल्याने स्टँडर्ड एरर किंचित बदलू शकतात. इथे ३ हा सर्वांचा सरासरी चढ नव्हे, तो फक्त शून्य दिलेल्या गटाचा आहे. दुसऱ्या गटाचा चढ ३ उणे १.५. गटापुढचा ९ त्याहून फसवा. ‘मार्गदर्शनाने ९ गुण वाढतात’ असे तो सांगत नाही. शून्य तास अभ्यास करणाऱ्यांमधील अंतर तो सांगतो, आणि आपल्या माहितीत तास २ ते १२ असतील तर तिथे कोणी विद्यार्थीच नाही. तासांमधून त्यांची सरासरी, समजा ८, वजा करून तेच समीकरण पुन्हा बसवले तर ९ च्या जागी उणे ३ येईल. चिन्हसुद्धा उलटले, पण गुणाकाराचे पद उणे १.५ च राहिले, कारण रेषा त्याच आहेत आणि फक्त अंतर मोजण्याची जागा बदलली आहे.

वेळ संपत आली आहे, तेव्हा उरलेले दोन मुद्दे भरभर सांगतो. दुसऱ्या गटाच्या चढाचा स्टँडर्ड एरर हवा असेल तर सहगुणकांचे दोन एरर नुसते मिळवू नका. त्या सहगुणकांमध्ये ऋण कोव्हेरियन्स असतो. सोपा मार्ग म्हणजे शून्य दुसऱ्या गटाला देऊन समीकरण पुन्हा बसवणे. मग तो चढ त्याच्या एररसह थेट छापून येतो.

दुसरा मुद्दा मोजपट्टीचा. एका गटात गुण २० वरून ३० झाले आणि दुसऱ्यात ४० वरून ६०, तर वाढ १० आणि २०, म्हणजे चढ वेगळे. पण दोन्हींत वाढ दीडपट आहे, त्यामुळे लॉगरिदम घेतल्यावर रेषा समांतर होतात आणि इंटरॅक्शन नाहीसे होते. रेषा माहितीच्या पट्ट्यात एकमेकींना छेदत असतील, तर मात्र गुणांची क्रमवारी न बदलणारे कोणतेही रूपांतर तो छेद पुसू शकत नाही. आपल्या रेषा ६ तासांवर छेदतात, म्हणजे २ ते १२ च्या आतच. पण चढांतील फरकच इतका अनिश्चित असताना तो ६ देखील पक्का आकडा म्हणून छापण्याजोगा नाही.