दाट आणि कडक चहा: दूध कोणतं, आधी काय?

मंडळी, सोलापुरात चहावर बोलायचं म्हणजे जोखीमच. इथं मे महिन्यात ऊन चाळिशी ओलांडतं, तरी टपरीवरची गर्दी हटत नाही. मला आज एकाच तक्रारीवर बोलायचंय. घरी केलेला चहा दाट झाला तर फिक्का लागतो आणि कडक केला तर पाणचट.

याचं मूळ दुधाच्या पिशवीवर छापलेलं असतं. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, स्टॅण्डर्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये ६. प्रथिनं मात्र यांत जवळजवळ सारखीच, आणि चहाच्या चवीचं गणित इथंच अडतं. चहातले टॅनिन जिभेला जो तुरट, कडक झटका देतात, त्यांना दुधातलं केसीन हे प्रथिन धरून ठेवतं. त्यामुळे जितकं दूध जास्त, तितका झटका कमी.

आता चार कप चहा घ्या. ३०० मिली पाणी आणि २५० मिली फुल क्रीम दूध. या दुधातून १५ ग्रॅम स्निग्धांश येतो. तेवढंच टोन्ड दूध घेतलं तर साडेसात ग्रॅमच. मग आपण काय करतो? दाटपणासाठी दूध वाढवतो. १५ ग्रॅम गाठायचे तर टोन्ड दूध अर्धा लिटर लागेल. चार कपांत पाण्याला जागाच उरली नाही! केसीनही दुप्पट झालं. आता पावडर कितीही टाका, रंग येईल, झटका येणार नाही. म्हणून माझं म्हणणं, दूध जाड घ्या आणि कमी घ्या. जाड दूध पाण्यासाठी जागा सोडतं, आणि चहा उतरतो तो पाण्यात.

इथं बऱ्याच जणांकडे म्हशीच्या दुधाचा रतीब असतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचं नाव लावणारी म्हैस आहे, तेव्हा दुधाची चिंता नाही. ते दूध फुल क्रीमपेक्षाही जाड असू शकतं, मग पाणी थोडं वाढवा. पण एक गोष्ट बघा. सकाळी दूध तापवलं, गार झालं, वर जाड साय आली. ती तुपासाठी काढून भांड्यात ठेवली आणि खालचं दूध चहात घातलं, तर ते आता फुल क्रीम राहिलेलं नाही. आणि साय तशीच अख्खी टाकली तर ती गाळणीत अडकते, नाहीतर कपावर तुपाचा तवंग येतो. चहापुरती साय दुधात रवीनं घुसळून घ्या, मग ओता.

आता क्रम. पाण्यात ठेचलेलं आलं आणि साखर घालून आधण येऊ द्या. आलं पाण्यात आधी उकळायचं कारण कच्च्या आल्यातलं एन्झाइम दूध फाडतं. उकळलं की त्याचा जोर जातो. साखर आधी की नंतर यावर घराघरात वाद आहेत. खरं सांगू? कडकपणाला त्यानं फारसा फरक पडत नाही. आधी घातली की नीट विरघळते, एवढंच.

आधण खळखळलं की चार चमचे सपाट, म्हणजे साधारण १० ग्रॅम दाणेदार सीटीसी पावडर घाला. मंद आचेवर तीन मिनिटं. पाणी लालबुंद व्हायला हवं, चमचा उचलून धारेकडे पाहिलं तर कळतं. इथं घाई करू नका, कारण दूध पडल्यावर उरलेली पत्ती नीट उतरत नाही. पाणी, दूध, पत्ती सगळं एकदम चढवायची सवय असेल तर चहा गुळमुळीत होतो तो यामुळेच.

मग दूध, तेही तापवलेलं. गार दूध ओतलं की उकळी बसते आणि पुन्हा उठेपर्यंत पत्ती नुसती भिजत राहते. दुधासकट तीन-चार मिनिटं, ऊत आला की पातेलं उचलायचं, बसला की पुन्हा ठेवायचं. याहून कमी केलं तर दुधाचा वास वेगळा येतो. फार वेळ ठेवलं तर बुडाला दूध लागतं, चहा कडवट होतो, आणि तो कडवटपणा कडक म्हणून खपवला जातो. कडक हवा असेल तर पावडर वाढवा, वेळ नको.

गुळाच्या चहाचं मात्र उलटं. गूळ पाण्यात टाकून वर दूध ओतलं की फाटायची भीती असते. गुळात आम्लता असते, दूध थोडं शिळं असेल तर लगेच दाणे दिसतात. म्हणून गूळ शेवटी, गॅस बंद करून, चहा जरा निवला की घालायचा आणि ढवळून लगेच गाळायचा. त्यानंतर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही.