वीस मिनिटांची सोनोग्राफी, पाच सेकंदांचा आवाज

[दृश्य: पोटावर जेल पडतं. प्रोब टेकतो. पडद्यावर एका बाजूला काळा पट्टा.]

निवेदन: पडद्यावरचा हा काळा पट्टा पाहा. बाळाशी त्याचा काही संबंध नाही. प्रोबच्या त्या टोकाला जेल कमी पडलंय, एवढंच त्याचं कारण. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी प्रोबने सोडलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा तिथून मागे फिरतो आणि पोटात काहीच पोहोचत नाही. जेल हे औषध नव्हे. घट्ट केलेलं पाणीच म्हणा. हवेची ती फट भरून काढणं, हे त्याचं काम.

[दृश्य: पुन्हा जेल. पट्टा नाहीसा होतो. प्रोबचं वक्र तोंड जवळून.]

या वक्र तोंडामागे बारीक स्फटिकांची रांग बसवलेली असते. स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि आवाज निघतो. बाहेरून आवाज येऊन आदळला की तोच स्फटिक उलट वीज तयार करतो. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा एकच. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो. पोटाच्या तपासणीत साधारण 35 लाख कंपनांचा आवाज वापरतात. कंपनं आणखी वाढवली तर चित्र रेखीव येतं, पण आवाज खोलवर पोहोचत नाही. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर डॉक्टर कंपनं कमी करतात आणि थोडं धूसर चित्र चालवून घेतात.

[दृश्य: पडद्यावर बाळाच्या डोक्याचा आडवा छेद. कवटी पांढरी, भोवतीचं पाणी काळं.]

विहिरीत हाक मारली आणि पडसाद उशिरा आला, तर पाणी खोल आहे हे कळतं. यंत्राचा सगळा हिशोब याच तत्त्वावर चालतो. शरीराच्या मऊ भागातून आवाज सेकंदाला सरासरी 1540 मीटर वेगाने जातो, असं यंत्र गृहीत धरतं. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला आवाजाला एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले 13 भाग लागतात.

हे डोकं विसाव्या आठवड्यातलं आहे. प्रोबकडच्या बाजूच्या कवटीवरून पडसाद आला 91 भागांनी, म्हणजे ती सात सेंटिमीटर खोल आहे. पलीकडच्या कवटीवरून आला 152 भागांनी. दोन्हींत फरक 61 भागांचा. त्याला 13 ने भागलं की येतात 4.7 सेंटिमीटर. ही झाली डोक्याची रुंदी, विसाव्या आठवड्याला साजेशी.

जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथून आवाज परत येतो, म्हणून कवटी पांढरीशुभ्र दिसते. गर्भजल एकसारखं असतं, तिथून काही परत येत नाही, ते काळं राहतं. हाडाच्या मागेही काळोखच दिसतो. ती मात्र सावली असते, आवाज हाडातच अडकलेला असतो.

[दृश्य: प्रोब किंचित कलतो. मधली रेष पुसट होते, मग पुन्हा स्पष्ट. चित्र थांबतं, मोजपट्टीचे दोन ठिपके लागतात.]

माप चुकतं ते बहुतेक वेळा इथे. छेद तिरका गेला की डोक्याच्या मधोमध जाणारी रेष तुटते किंवा एका बाजूला सरकते. या वयात डोक्याची रुंदी आठवड्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. तीन मिलिमीटरची चूक झाली, तर बाळाचं वय आठवड्याभराने चुकलं. म्हणून रेष नीट मधोमध आल्याशिवाय ठिपके लावायचे नाहीत. ठिपके लावताना चित्र थांबवलेलं असतं. चित्र थांबलं की प्रोबमधून आवाज जाणंही थांबतं.

[दृश्य: पडद्यावर ओळीओळीने बनणारं चित्र, संथ गतीने.]

चित्र चालू असतानाही यंत्र आवाज सोडतं ते फारच थोडा वेळ. एका वेळी आवाजाची जेमतेम तीन कंपनं सुटतात. मग यंत्र गप्प बसून ऐकतं. पंधरा सेंटिमीटर खोलवरून पडसाद येईपर्यंत, त्या सुटण्याच्या वेळेच्या दोनशेपट काळ ते थांबतं. तेव्हा चित्राची एक ओळ बनते. अशा शंभर-सव्वाशे ओळींचं एक चित्र, आणि सेकंदाला अशी चाळीसेक चित्रं. वीस मिनिटांच्या तपासणीत प्रत्यक्ष सोडलेला आवाज एकत्र केला, तर तो पाच-सहा सेकंदांचा भरतो. बाकीचा सगळा वेळ यंत्र ऐकत असतं.

[दृश्य: जुन्या काळातली एक्स-रे खोली, छायाचित्र. मग बॉयलरच्या कारखान्याचं छायाचित्र.]

याआधी पोटातलं बाळ पाहायचं तर एक्स-रे काढत. एक्स-रे पेशींतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि त्यातून पेशीच्या गुणसूत्रांना इजा होऊ शकते. 1956 मध्ये ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणातले एक्स-रे आणि मुलांमधला कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्याच सुमाराला, 1955 मध्ये, ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे लोखंडातल्या भेगा शोधायला आवाजाचं यंत्र होतं. त्या यंत्राखाली पाण्याने भरलेली गाठ आणि घट्ट गाठ वेगवेगळी ओळखू आली. 1958 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. आवाज म्हणजे कंपन. अणूतून इलेक्ट्रॉन काढण्याइतका जोर त्यात नसतो. ही पद्धत सौम्य मानली जाते, त्याचं मूळ इथे आहे.

[दृश्य: पडद्याचा कोपरा. TIb 0.3, MI 0.9.]

तरीही आवाज शरीरात शोषला जातो आणि त्याची थोडी उष्णता होते. ती किती होऊ शकेल, याचा अंदाज पडद्यावर लिहिलेला असतो. TI चा आकडा एक असेल, तर प्रतिकूल परिस्थितीत तापमान साधारण एका अंशाने वाढू शकेल, असं समजतात. दहाव्या आठवड्यानंतर हाडं टणक होऊ लागतात आणि हाड जास्त तापतं, म्हणून तेव्हापासून हाडासाठीचा TI, म्हणजे TIb पाहायचा. ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीच्या सूचनांनुसार हा आकडा 0.7 पर्यंत असेल तर वेळेचं बंधन नाही. एकच्या वर गेला तर अर्धा तास, अडीचच्या वर गेला तर एकच मिनिट. MI चा आकडा बुडबुड्यांसाठी आहे. आवाजाचा दणका बसतो तो हवेच्या बुडबुड्यांना, आणि बाळाच्या फुप्फुसात हवा नसते, पाणी असतं.

[दृश्य: डॉप्लरचे लाल-निळे रंग. आकडा वाढलेला दिसतो.]

डॉप्लर सुरू केला की TI चा आकडा चढतो. रक्ताचा वेग मोजण्यासाठी आवाज लांब आणि पुन्हा पुन्हा सोडावा लागतो, तोही एकाच जागी. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत हृदयाचे ठोके डॉप्लरने ऐकवत बसायचं नाही. ठोके एम-मोडवर मोजायचे. तिथे एक ओळ कागदावरच्या आलेखासारखी पुढे सरकते आणि दोन शिखरांमधल्या अंतरावरून ठोके कळतात. आईला आवाज ऐकायची हौस असते, हे आम्हालाही कळतं. पण त्या वयाच्या बाळासाठी ही हौस पुढे ढकलावी, असं आमचं ठाम मत आहे. आठवण म्हणून चित्रफीत हवी, एवढ्यासाठीही तपासणी लांबवू नये.

[दृश्य: भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याचा फलक. एफ फॉर्मवर सही.]

प्रत्येक तपासणीसाठी कारण लिहून एफ फॉर्म भरावा लागतो आणि गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे.

[दृश्य: पडद्यावर बाळाचा पाठीचा कणा, मण्यांची पूर्ण रांग.]

निदानाच्या पातळीवरच्या सोनोग्राफीमुळे बाळाला इजा झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. तपासणीत काही वेगळं दिसलं, तर पुढचा सल्ला आणि चाचण्या त्याच आठवड्यात ठरवल्या जातात.