खोलीभाड्याचं कलम, दीड मिनिटात

नमस्कार श्रोतेहो.

आरोग्य विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत एक कलम असतं. साधारण असं: "विमाधारकाने अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक दराच्या कक्षात उपचार घेतल्यास, अनुज्ञेय व प्रत्यक्ष कक्षभाड्याच्या गुणोत्तरात संलग्न वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती प्रमाणशीर पद्धतीने करण्यात येईल."

या एका वाक्यापायी डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडणं होतात. आज हेच वाक्य दीड मिनिटाच्या व्हिडिओत कसं आणायचं ते बघू. ग्राहकाने एकदाच बघायचं आणि त्याला कळलं पाहिजे. एकदाच, हे ध्यानात ठेवा.

विमा विकणाऱ्या एका छोट्या कार्यालयाने असा व्हिडिओ केला होता. पहिल्या खेपेला निवेदक म्हणत होता, "आपल्या पॉलिसीत खोलीभाडं रोज विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत मंजूर आहे. त्याहून महाग खोली घेतल्यास प्रमाणशीर कपात होईल." एकही शब्द चुकीचा नव्हता. वकिलांनी तपासलं, पास केलं. मागे मंद संगीतही होतं. (हे संगीत काढाच. आकडे ऐकायचे असतात तेव्हा बासरी आड येते.)

तिथल्या अकाउंटंटच्या आईला हा व्हिडिओ एकदा दाखवला आणि फोन बाजूला ठेवला. मग विचारलं, "काकू, पाच लाखांची पॉलिसी आहे. रोज आठ हजारांची खोली घेतली, चार दिवस राहिलात. खिशातून किती जातील?"

काकूंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "एक टक्का म्हणजे पाच हजार. आठातून पाच गेले, राहिले तीन. चार दिवसांचे बारा हजार. यात काय अवघड आहे?"

बघा, आकडेमोड चोख आणि उत्तर चूक. नव्वद टक्के लोक हेच उत्तर देतील असं मला वाटतं, कारण सरळ डोक्याला हेच सुचतं. वरचा फरक आपण भरायचा, बाकीचं कंपनी बघेल.

मग एकाने फळ्यावर बिल मांडलं. खोलीचे चार दिवसांचे ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,००,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट मिळून ६०,०००. एकूण १,९२,०००. खोलीत १२,००० कापले, इथवर काकू बरोबर. पण कपात खोलीपाशी थांबत नाही. मंजूर पाच, घेतली आठची, म्हणून डॉक्टर आणि थिएटरच्या बिलातलेही आठातले पाचच भाग मिळतात. एक लाखाचे मिळाले ६२,५००, गेले ३७,५००. खोलीचे बारा धरून खिशातून ४९,५००. काकूंच्या हिशेबाच्या चौपटीहून जास्त!

आता काकू काय म्हणाल्या? "अगं बाई! म्हणजे डॉक्टरच्या बिलात रुपयाला दहा आणेच?" अगदी बरोबर, सोळातले दहा. प्रमाणशीर कपात काकूंनी एका ओळीत सांगून टाकली.

यातून पटकथेचा पाया मिळाला. व्हिडिओला नियम सांगायचा नसतो, माणसाच्या डोक्यातला चुकीचा अंदाज मोडायचा असतो. म्हणून तो अंदाज आधी पडद्यावर आणायचा आणि मग खरं बिल दाखवायचं. पुन्हा सांगतो: आधी चुकीचा अंदाज, मग खरं बिल.

पटकथा लिहिताना कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. दीड मिनिटात सावकाश बोललेले दीडशे ते पावणेदोनशे शब्द मावतात. उजवीकडचे आकडे अक्षरांत लिहा, बोलतो तसे: "साडेसदतीस हजार". डावीकडे तोच आकडा अंकांत, मोठा, आणि एका वेळी एकच. दोन आकडे एकत्र दिसले की डोळा भलत्यावर जातो. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली सबटायटल्स हवेतच.

आता उजवा भाग ऐका.

"तुमची पॉलिसी पाच लाखांची. खोलीभाड्याची मर्यादा रोज पाच हजार. तुम्ही आठ हजारांची खोली घेतली. वाटतं, वरचे तीन हजारच भरायचे. तसं नाही. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटरचं बिलही त्याच हिशेबात कापलं जातं, आठातले पाच भाग मिळतात. म्हणजे एक लाखाच्या बिलाला साडेबासष्ट हजार मिळतील. साडेसदतीस हजार तुमचे. खोलीचे चार दिवसांचे बारा हजार वेगळे. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांटला ही कपात लागत नाही. आयसीयूच्या बिलालाही नाही. भरती होण्याआधी विमा डेस्कवर विचारा: या खोलीचं रोजचं भाडं किती? माझ्या पॉलिसीची मर्यादा किती?"

एवढंच. शब्द शंभराच्या आत आहेत. उरलेला वेळ आकडे पडद्यावर ठरू देण्यासाठी.

औषधं, तपासण्या, आयसीयूचं वाक्य मोह झाला तरी गाळू नका. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतून ते आलंय. औषधं आणि वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि वैद्यकीय उपकरणं, तपासण्या, हे संलग्न खर्चात, म्हणजे ही कपात लागणाऱ्या खर्चात, धरायचं नाही, आणि आयसीयूच्या बिलालाही ती लावायची नाही. ते वाक्य गाळलं तर ग्राहक सगळंच बिल कापलं जाणार म्हणून घाबरतो, आणि कुणी औषधांतून कापलंच तर हरकतही घेत नाही. त्याच सूचनांत आणखी एक आहे: खोलीच्या प्रकारानुसार ज्या रुग्णालयात डॉक्टरांचे दर बदलत नाहीत, तिथेही ही कपात नाही. हे मात्र बोलण्यात घालू नका, गर्दी होते. शेवटच्या पाटीवर कलमाच्या क्रमांकासोबत लिहा.

वकिलांकडे पाठवताना प्रत्येक वाक्यापुढे मूळ कलमाचा क्रमांक पेन्सिलने टाका. नाहीतर ते सवयीने "अटी लागू" जोडतात, एका वाक्याची पाच होतात, आणि पुन्हा कुणाला काही कळत नाही. क्रमांक समोर असला की ते वाक्यावर बोलतात. एखादं वाक्य चूक असेल तर तेवढंच बदलायचं.

शेवटी चाचणी. ज्याने व्हिडिओ आधी पाहिलेला नाही असाच माणूस घ्या. काकू आता बाद, त्यांना उत्तर माहीत आहे. एकदाच दाखवा आणि आकडे बदलून विचारा: तीन लाखांची पॉलिसी, मर्यादा तीच एक टक्का, खोली साडेचार हजारांची, सर्जन आणि थिएटरचं बिल साठ हजार. त्यातले कंपनी किती देईल? तीनास साडेचार म्हणजे तीनातले दोन भाग, म्हणून चाळीस हजार. पै न् पै जुळायला नको. "साठातले चाळीसेक येतील, वीस आपले" एवढं आलं तरी पुरे. पण कुणी "रोजचे दीड हजार भरू" एवढंच म्हणाला, तर काकूंचा बारा हजारांचा अंदाज अजून मोडलेला नाही. अशा वेळी निवेदन लांबवू नका. खऱ्या बिलाचं चित्र दोन-तीन सेकंद जास्त थांबवा आणि नव्या माणसाला दाखवा.