52 ऑर्डर, 13 जोड आणि एक केस स्टडी

(कोल्हापुरात राजारामपुरीत फ्रीलान्सर मंडळींसमोर केलेलं हे बोलणं, लिहिताना थोडं नीट केलंय.)

माझ्या पोर्टफोलिओत बरेच दिवस एक पान होतं. वर चप्पल लाईनमधल्या एका दुकानाच्या वेबसाईटचा फोटो, लॅपटॉपच्या फ्रेममध्ये बसवलेला, खाली तीन ओळी की आधुनिक, वापरायला सोपी, मोबाईलवर नीट दिसणारी वेबसाईट बनवली, आणि त्याखाली वर्डप्रेस, वूकॉमर्स, फिग्माचे लोगो. एकदा शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मालकांना मी ते दाखवलं, त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं, "मॅडम, साईट चांगली दिसतीया, पण यात तुम्ही नक्की केलं काय?" आणि मला तोंडी सांगता आलं, दहा मिनिटं बोलले मी, पण त्या दहा मिनिटांतलं एक वाक्यसुद्धा त्या पानावर नव्हतं.

तर ते दहा मिनिटांतलं बोलणं पानावर कसं आणलं, म्हणजे त्या कामाची छोटी केस स्टडी कशी लिहिली, ते आज सांगते.

आधी काम काय होतं ते ऐका. दुकान जुनं, मालक काका साठीच्या पुढचे, कोल्हापुरी चप्पल ऑनलाईन विकायला लागलेले. मला काम दिलं ते "साईट नवीन करून द्या" एवढंच. पण बोलता बोलता कळलं की खरा त्रास साईझचा आहे. बुटाचा नंबर प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा असतो, शहरातलं गिऱ्हाईक आपला बुटाचा 8 नंबर चपलेला पण टाकतं, आणि कोल्हापुरी चप्पल नवीन असताना कडक असते, पंजा रुंद असेल तर पायच आत जात नाही. मग जोड परत, दुसरा जोड पाठवा, दोन्हीकडचं कुरिअर काकांच्या खिशातून. साईटवर साईझचा तक्ता होता की, पण तो फोटो होता, मोबाईलवर अक्षरच वाचता येत नव्हतं.

मी पहिल्यांदा केस स्टडी लिहायला बसले तेव्हा सगळंच लिहिलं. लोगोचा रंग कसा ठरवला, फोटो कसे निवडले, पेमेंट गेटवे, मेनू, सगळं, नऊशे शब्द झाले. ते वाचून माझ्या बहिणीने विचारलं, "मग साईझचं काय झालं?" ती या क्षेत्रातली नाही, साड्यांचं दुकान चालवते, आणि तिला त्या नऊशे शब्दांतून तेवढी एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटली. मग मी बाकीचं सगळं काढलं. छोट्या केस स्टडीत एकच निर्णय मावतो, बरं का. अख्खा प्रोजेक्ट मावत नाही आणि मावायची गरज पण नाही. निर्णय कुठला घ्यायचा हे ठरवायला मी एक गोष्ट बघते: कुठल्या ठिकाणी दोन रस्ते होते आणि मी एक सोडून दुसरा घेतला? रंगाच्या बाबतीत काकांनी सांगितला तो घेतला, तिथे माझं काही नव्हतं. साईझच्या बाबतीत होतं.

काय होतं तर, आधी मी माप कसं घ्यायचं याचा व्हिडिओ टाकून बघितला होता. मग काकांच्या ओळखीच्या दोघांना माझ्यासमोर मोबाईलवर ऑर्डर करायला लावलं आणि गप्प बसून बघितलं. दोघांनी व्हिडिओ उघडलाच नाही, थेट 8 नंबर दाबला आणि पुढे गेले. म्हणजे माहिती नव्हती असं नाही, माहिती चुकीच्या जागी होती. म्हणून व्हिडिओ सोडला, आणि नंबर निवडायच्या जागीच दोन चित्रं टाकली: कागद जमिनीवर भिंतीला लागून ठेवा, टाच भिंतीला टेकवा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, आणि पंजा जिथे सगळ्यात रुंद तिथलं माप घ्या. गिऱ्हाईकाने सेंटीमीटर टाकायचे, नंबर साईट सांगणार. एवढंच. पण हे लिहिताना सोडलेला रस्ता पण लिहायचा, व्हिडिओ का नको झाला ते. समोरच्याला तुमचं डोकं कसं चालतं ते तिथेच दिसतं, तयार स्क्रीन बघून दिसत नाही.

आता आकडे, इथे मी सगळ्यात जास्त अडकले. काम संपून तीन महिने होऊन गेलेले आणि "आधी" काय होतं याची माझ्याकडे एक पण नोंद नाही. जुनी साईट मीच बंद केलेली. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट मला web.archive.org वर मिळाला, पण प्रत्येक साईटचं पान तिथे असतंच असं नाही, हे नशिबावर असतं. गुगल सर्च कन्सोल 16 महिन्यांचा डेटा ठेवतं, तो क्लायंटच्या अकाउंटला असेल तर काढून घ्या, पण त्यात लोक गुगलवरून किती आले ते कळतं, चप्पल परत का आली ते कळत नाही. ते काकांच्या वहीत होतं. परत आलेल्या प्रत्येक जोडाची नोंद, तारीख, आणि पुढे "लहान पडली" नाहीतर "मोठी झाली". एक अख्खी दुपार मी दुकानात बसून ती वही उतरवली. आधीचे तीन महिने, नोव्हेंबर ते जानेवारी, 52 ऑर्डर, त्यातले 13 जोड साईझसाठी परत. नंतरचे तीन महिने, फेब्रुवारी ते एप्रिल, 61 ऑर्डर, 5 परत.

आता हे बघून हात शिवशिवतात की "परताव्याचं प्रमाण 67 टक्क्यांनी घटलं" असं मोठ्या अक्षरात लिहावं. हिशोब चूक नाहीये. पण 13 आणि 5 एवढ्या छोट्या आकड्यांवर टक्के लावले की वाचणाऱ्याला वाटतं हजारो ऑर्डर असतील, आणि ज्या दिवशी तो विचारेल "किती पैकी?" त्या दिवशी पूर्ण पानावरचा विश्वास जातो. "52 पैकी 13, नंतर 61 पैकी 5" असं लिहिलं की त्याला दुकान केवढं, काम केवढं, सगळं एका ओळीत कळतं. छोटा आकडा खरा असला तर पुरतो.

अजून एक गोष्ट होती, ती मला वही बघतानाच कळली. मार्चपासून काकांच्या मुलाने रुंद पंजाच्या गिऱ्हाईकांना स्वतः फोन करायला सुरुवात केली होती. म्हणजे 13 चे 5 झाले त्यात माझ्या चित्रांचा वाटा किती आणि त्याच्या फोनचा किती हे वेगळं काढता येत नाही. मी दोन दिवस विचार केला की हे लिहायचं का नाही. लिहिलं. कारण नाही लिहिलं आणि उद्या कुणी काकांनाच फोन करून विचारलं तर ते फोनचं सांगणारच, आणि तसं पण रुंद पंजा कुणाचा हे त्या मुलाला माझ्या फॉर्ममधल्या मापावरूनच कळत होतं, तो संबंध लिहिल्याने काम उलट जास्त चांगलं समजतं.

परवानगीचं. मी काकांना आधी नुसतं विचारलं होतं, "काका, तुमचं काम माझ्या साईटवर दाखवू का?" ते लगेच हो म्हणाले. पण आकडे वाचून दाखवल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "चपला परत येतात असं लोकांना सांगायचं व्हय?" त्यांचं बरोबर होतं, दुकानाचं नाव आहे. म्हणून परवानगी "दाखवू का" अशी मागायची नाही, तयार मजकूर आणि फोटो पुढे ठेवून मागायची. मी दोन पर्याय दिले: नाव आणि फोटो ठेवतो पण आकडे काढतो, नाहीतर आकडे ठेवतो आणि नाव काढतो. त्यांनी दुसरा घेतला. आता कोल्हापुरात नुसतं नाव काढून भागत नाही, स्क्रीनशॉटमध्ये दुकानाची पाटी, चपलेच्या आतला शिक्का, फोन नंबर, काही पण दिसलं की लाईनमधला माणूस ओळखतो. ते सगळं कापलं. गिऱ्हाईकांच्या व्हॉट्सॲपचा एक स्क्रीनशॉट होता, फार छान होता, पण नाव नंबर झाकून पण तो वापरला नाही, त्या बाईंना मी विचारलेलं नव्हतं.

आणि काकांनी एक शब्द सुधारला. मी लिहिलेलं "13 जोड परत आले". ते म्हणाले परत म्हणजे पैसे परत, ते फक्त तिघांचे दिले, बाकी दहा जोड बदलून दिले. किती मोठा फरक आहे बघा, धंदेवाल्याच्या दृष्टीने. क्लायंटने वाचल्याशिवाय टाकू नका ते एवढ्यासाठी.

अभिप्राय पण त्याच दिवशी घेतला. "आमच्याबद्दल दोन शब्द लिहा" म्हटलं की लोक "उत्तम सेवा, वेळेत काम" लिहितात, ते कुणाला पण चालतं. मी विचारलं, "काका, आता रोजच्यात काय बदललं?" ते म्हणाले, "आधी संध्याकाळी साईझचे फोनच घेत बसायचो, आता गल्ल्यावर लक्ष देता येतं." तेच वाक्य जसंच्या तसं घेतलं.

शेवटी पानावर जे राहिलं ते वाचून दाखवते:

"कोल्हापुरातलं एक चप्पल दुकान ऑनलाईन विक्री करतं. तीन महिन्यांत 52 पैकी 13 जोड साईझ चुकल्याने बदलून द्यावे लागले किंवा पैसे परत करावे लागले, आणि कुरिअरचा खर्च दुकानाला पडला. साईझचा तक्ता होता, पण मोबाईलवर वाचता येत नव्हता. आधी मापाचा व्हिडिओ टाकून बघितला होता. दोन जणांना ऑर्डर करताना बघितलं, त्यांनी तो उघडला नाही. म्हणून नंबर निवडायच्या जागीच दोन चित्रं आणि मापाचे दोन रकाने दिले. पुढच्या तीन महिन्यांत 61 पैकी 5 जोडांना अडचण आली. याच काळात दुकानाने रुंद पंजाच्या ग्राहकांना फोन करणंही सुरू केलं, त्यांची यादी या मापांवरून निघते. माझं काम: ग्राहकांचं निरीक्षण, पानाची रचना, चित्रं आणि साईटची बांधणी. चपलांचे फोटो दुकानाचे."

शंभरच्या आसपास शब्द. सोबत दोनच चित्रं, जुना तक्ता मोबाईलवर दिसायचा तसा, आणि नवीन पान त्याच मोबाईलवर. लॅपटॉपची फ्रेम नाही, कारण गिऱ्हाईक मोबाईलवरून येत होतं. शेवटची ओळ मुद्दाम आहे, कुठलं काम आपलं आणि कुठलं दुसऱ्याचं हे लिहायचंच, टीममध्ये काम केलं असेल तर जास्तच.

आता नवीन काम घेतलं की पहिल्याच आठवड्यात मी त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये "आधी" नावाचा एक फोल्डर करते. जुन्या स्क्रीनचे मोबाईलवरचे स्क्रीनशॉट, क्लायंटने त्रास ज्या शब्दांत सांगितला ते वाक्य, आणि त्याच्याकडे जी वही, एक्सेल, बिलबुक असेल त्यातला एक आकडा, तारखेसकट. काकांनी मजकूर वाचून व्हॉट्सॲपवर "चालतंय, टाका" असं पाठवलं होतं, तो मेसेज पण त्याच्या शेजारीच ठेवलाय.